मंजूर तास आणि उरलेले तास

पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या मध्यम कारखान्यांत दुपारी दोनच्या सुमाराला एक छोटा कागद हातोहात फिरायला लागतो. त्यावर नाव, टोकन नंबर, विभाग, किती तास थांबायचं आणि कशासाठी एवढंच असतं. खाली दोन सह्यांची जागा. ही ओटी स्लिप. पहिली पाळी साडेतीनला सुटते, त्याच्या आत ही स्लिप टाइम ऑफिसात पोचायला हवी असते. चार तासांची एक स्लिप ही किरकोळ गोष्ट वाटते. पण अशा शे-दीडशे स्लिपा महिन्याकाठी एका विभागातून निघतात, आणि त्यांची बेरीज बहुतेक ठिकाणी कुणीतरी पहिल्यांदा करतं ते पगारपत्रक बनवताना. तोवर तास होऊन गेलेले असतात, माणसं थकलेली असतात आणि बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणून अनेक कारखाने दर महिन्याला प्रत्येक विभागाला ओव्हरटाइमचा कोटा ठरवून देतात. मशीन शॉपला इतके तास, असेंब्लीला इतके, मेन्टेनन्सला इतके. ही पद्धत चांगली आहे, पण ती दोन ठिकाणी हमखास बिघडते: कोटा ठरवताना आणि कोट्यातले किती तास उरले हे मोजताना. दोन्ही ठिकाणी चूक झाली की तिची किंमत शेवटी थांबणारा कामगार मोजतो. त्यामुळे हा हिशेब कसा चालतो ते कामगाराला, सुपरवायझरला आणि हिशेब ठेवणाऱ्याला, तिघांनाही नीट माहीत असायला हवं.

आधी एका तासाची किंमत पाहू. 1948 च्या कारखाना कायद्यानुसार दिवसाला नऊ तासांच्या किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम झालं, तर वरच्या तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे द्यावे लागत. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही दुप्पट दराचं तत्त्व कायम आहे आणि ओव्हरटाइमला कामगाराची संमती हवी असंही म्हटलं आहे. नेहमीचा दर कशावर काढायचा यावर मात्र कारखान्याकारखान्यांत वाद असतो. जुना कायदा सांगत असे की मूळ पगारात भत्तेही धरायचे, फक्त बोनस आणि ओव्हरटाइम सोडायचे. नुसत्या मूळ पगारावर दुप्पट काढून काम भागवणारे अजूनही भेटतात. ज्याचा मूळ पगार एकूण पगाराच्या निम्माच आहे, त्याला असा 'डबल ओटी' प्रत्यक्षात साध्या दरानंच मिळतो.

सोयीसाठी महिन्याला 20,800 रुपये पगार असलेला कामगार धरू. 26 दिवसांनी भागलं की रोजचे 800, आठ तासांनी भागलं की ताशी 100. ओव्हरटाइमचा तास 200 रुपयांचा. भविष्यनिर्वाह निधीच्या हिशेबात आजवर ओव्हरटाइम धरला जात नव्हता, पण राज्य कामगार विम्याची वर्गणी त्यावर पडत आली आहे आणि मालकाचा वाटा सव्वातीन टक्के असतो. म्हणजे कारखान्याला तो तास 206 रुपये 50 पैशांना पडतो. एवढा आकडा हाताशी असला की पुढचं सगळं तासांतच बोलायचं, रुपयांत नाही. कारण रुपयांत कोटा दिला की सुपरवायझर नकळत कमी पगाराच्या माणसाला थांबवायला लागतो, मग तो त्या मशीनवर बसणारा असो वा नसो. शिवाय मध्येच पगारवाढीचा करार झाला, तर एकही तास न वाढता कोटा ओलांडलेला दिसतो.

आता कोटा ठरवण्याकडे येऊ. सगळ्यात वापरातली रीत म्हणजे मागच्या वर्षीची सरासरी काढायची आणि दहा टक्के कापायचे. ही रीत सोपी आहे, पण तिला त्या महिन्यातल्या कामाचा पत्ता नसतो. ज्या विभागानं मागच्या वर्षी मनमानी तास लावले त्याला भरपूर कोटा मिळतो आणि ज्यानं काटकसर केली त्याचाच गळा आवळला जातो. कोटा यायला हवा तो तीन गोष्टींतून: काम किती आहे, माणसं किती आहेत, आणि त्यांतली खरोखर किती हजर असतील.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचं मशीन शॉप डोळ्यांपुढे ठेवू. आकडे मी समजावण्यापुरते गोल घेतले आहेत, पण प्रमाणं अशीच असतात. चाळीस कामगार, महिना सप्टेंबरचा, कामाचे दिवस 26. चाळीस माणसं, रोज आठ तास, म्हणजे 8,320 तास. गिऱ्हाइकाचं शेड्यूल आहे 24,000 नगांचं. एका नगाला ठरलेला वेळ 18 मिनिटं, म्हणून 7,200 तास. पण ठरलेल्या वेळात काम कधीच तंतोतंत होत नाही. टूल बदलणं, सेटिंग, पहिल्या नगाची तपासणी यांत वेळ जातो. कार्यक्षमता नव्वद टक्के धरली तर गरज होते 8,000 तासांची.

इथवर पाहिलं तर 8,320 तास हाताशी आहेत आणि 8,000 हवे आहेत. ओव्हरटाइमची गरजच नाही! कागदावर बसून कोटा ठरवणारा साहेब इथेच थांबतो आणि म्हणतो, मशीन शॉपला शून्य. पण सप्टेंबर हा गणपतीच्या आसपासचा महिना. कोकणातली माणसं गावी जातात, घाटावरच्यांची शेतीची कामं असतात, त्यात पावसाळी ताप. दहा टक्के रजा आणि गैरहजेरी धरली तर 832 तास गेले आणि हातात उरले 7,488. आता तूट आली 512 तासांची. हाच मशीन शॉपचा सप्टेंबरचा कोटा.

या 512 आकड्याकडे जरा थांबून पाहावंसं वाटतं. त्यातला प्रत्येक तास कुणाच्या तरी रजेची जागा भरण्यासाठी आहे. म्हणजे ओव्हरटाइम 'कामगार हळू काम करतात म्हणून' होत नाही, निदान या विभागात तरी नाही. रजा हा माणसांचा हक्क आहे आणि त्या रजेची सोय माणसांच्या संख्येत केलेली नाही, म्हणून तो होतो. हा हिशेब मांडला नाही तर चर्चा भलतीकडेच जाते आणि शेवटी रजा नाकारण्यावर येऊन थांबते.

मग माणसंच का वाढवू नयेत? तेही तासांतच पाहू. एक नवा कामगार दहा टक्के रजा धरून महिन्याला साधारण 187 तास देतो. 512 तासांसाठी पावणेतीन माणसं लागतात. भविष्यनिर्वाह निधी, विमा, बोनस, ग्रॅच्युइटी, बस, कँटीन, गणवेश हे सगळं धरून एका माणसाचा महिन्याचा खर्च 28,000 रुपये धरला, तर त्याचा प्रत्यक्ष हजर तास 150 रुपयांच्या आसपास पडतो. ओव्हरटाइमचा तास 206 रुपयांचा. वर्षातले दहा-अकरा महिने अशीच तूट असेल तर तीन माणसं घेणं स्वस्त आहे आणि थकलेल्या माणसांच्या दृष्टीनंही बरं आहे. गणपती आणि दिवाळीच्या दोन-तीन महिन्यांपुरतीच असेल तर ओव्हरटाइम ठीक. महिन्याचा कोटा हिशेब करून ठरवला, तरच या प्रश्नाला उत्तर मिळतं. सरासरीतून काढलेल्या कोट्यातून ते कधीच मिळत नाही.

प्रत्येक विभागाचा हिशेब वेगळा असतो हे मेन्टेनन्सकडे पाहिलं की पटतं. मशीन शॉप थांबतं तेव्हा, म्हणजे रविवारी, मेन्टेनन्सवाल्यांचं काम सुरू होतं. सहा जण चार रविवार आठ तास आले तर 192 तास होतात, आणि आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी आलेल्याला बदली सुट्टीही द्यावी लागते, म्हणजे मधल्या दिवसांतले तेवढे हात कमी होतात. 'सगळ्या विभागांचा कोटा सरसकट दहा टक्के कमी' असा हुकूम निघाला की मेन्टेनन्स एखादा रविवार सोडतं. त्या रविवारी बदलायचं राहिलेलं बेअरिंग पुढच्या महिन्यात मशीन शॉपच्या पाळीत तुटतं. वाचलेल्या 48 तासांची भरपाई मग मशीन शॉपच्या नावावर लिहिली जाते आणि मेन्टेनन्सला शाबासकी मिळते. डिस्पॅचचा कोटा महिनाअखेरीकडे झुकलेला असतो, कारण गिऱ्हाईक माल त्याच वेळी उचलतं. असेंब्लीचा कोटा तर मशीन शॉप वेळेवर माल देतं की नाही यावर लोंबकळत असतो.

महिन्याचा आकडा ठरला की तो आठवड्यांवर पसरायचा. सारखे चार भाग करून चालत नाही. आमच्या मशीन शॉपचे 512 तास असे पसरू: पहिल्या आठवड्यात 90, दुसऱ्यात 110, तिसऱ्यात 130, उरलेले 182 शेवटच्या टप्प्यात. म्हणजे दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस 200 तास लागलेले असतील अशी अपेक्षा. या शिवाय कारखाना प्रमुखाच्या हाती सगळ्या विभागांसाठी मिळून 60 तास राखीव ठेवू. राखीव तास कुठल्याच विभागाच्या कोट्यात मिसळायचे नाहीत.

आता मोजणी. ओव्हरटाइमचे तीन वेगवेगळे आकडे असतात आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ सुरू होतो. पहिला आकडा मंजूर झालेल्या तासांचा: विभागप्रमुखानं स्लिपवर सही केली तेव्हाच तो जन्माला येतो. दुसरा झालेल्या तासांचा: कामगारानं जाताना पंचिंग केलं आणि टाइम ऑफिसनं स्लिपशी ताडून पाहिलं की तो पक्का होतो. तिसरा पगारात दिलेल्या तासांचा, जो पुढच्या महिन्याच्या सातव्या-दहाव्या दिवशी दिसतो. कोट्यातून वजा काय करायचं? बहुतेक जण दुसरा आकडा वजा करतात, काही तर तिसरा. वजा करायचा असतो तो पहिला, कारण सही झाली त्या क्षणी ते तास खर्च झाले. माणूस थांबलेला असतो किंवा उद्या थांबणार असतो. त्याला दिलेला शब्द मागे घेता येत नाही.

साध्या स्प्रेडशीटमध्येही हे बसतं. प्रत्येक विभागाची एक ओळ. C2 मध्ये महिन्याचा मूळ कोटा, D2 मध्ये राखीवातून दिलेले वाढीव तास, E2 मध्ये पंचिंगशी ताडून पक्के झालेले तास आणि F2 मध्ये मंजूर झाले पण अजून ताडायचे राहिलेले तास. उरलेले तास असे:

```
=C2+D2-E2-F2
```

स्लिप मंजूर झाली की तिचे तास F2 मध्ये जातात. पंचिंग जुळलं की तेवढे F2 मधून निघून E2 मध्ये येतात. चार तासांची स्लिप होती आणि माणूस अडीच तासांत काम संपवून गेला, तर अडीच E2 मध्ये येतात आणि दीड तास कोट्यात परत जमा होतात. मूळ कोट्याचा C2 मात्र महिनाभर हलवायचा नाही. तास वाढवून दिले तर ते D2 मध्येच दिसले पाहिजेत, सोबत कारण आणि सही. C2 मध्येच आकडा बदलण्याची सवय लागली की महिनाअखेर सगळे विभाग कोट्यात बसलेले दिसतात आणि त्या तक्त्यातून कुणालाच काही कळत नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीला मशीन शॉपची ओळ कशी दिसत होती ते पाहू. टाइम ऑफिसनं ताडून पक्के केलेले तास होते 168. विभागप्रमुखाच्या टेबलावर जो अहवाल गेला त्यात एवढंच लिहिलेलं होतं: 512 पैकी 168 झाले, 344 उरले. अपेक्षा 200 तासांची होती, म्हणजे विभाग चांगलाच मागे, चिंता नको. पण मागच्या चार दिवसांच्या स्लिपा पाळीच्या सुपरवायझरच्या खिशात आणि टेबलाच्या खणात होत्या. त्यांचे 78 तास मंजूर होऊन गेले होते. ते धरले की एकूण 246. उरले 266, आणि पुढच्या दोन टप्प्यांची गरज 312. पहिला अहवाल वाचणाऱ्याला 32 तास वाचल्यासारखे वाटतात, खरा आकडा 46 तास जास्त लागल्याचं सांगतो. चार दिवसांचा उशीर एवढाच काय तो फरक. म्हणून स्लिपेची नोंद मंजुरीच्या दिवशीच व्हायला हवी, ताडणी सावकाश झाली तरी चालेल.

46 तास जास्त का लागले हे शोधायला स्लिपेवरचं 'कशासाठी' हे रकानं लागतं. तिथे 'अर्जंट काम' असं लिहिलेलं असेल तर ते न लिहिल्यासारखंच. पाच-सहा ठरलेली कारणं पुरतात: गैरहजेरी, वाढीव शेड्यूल, मशीन बंद, पुन्हा काम, माल उशिरा आला, चाचणी. आमच्या 246 तासांची फोड अशी निघाली: गैरहजेरी आणि शेड्यूलसाठी 180, ग्राइंडिंग मशीन बंद पडल्यामुळे मागे राहिलेलं काम भरून काढायला 40, आणि पुरवठादाराच्या कास्टिंगमध्ये दोष निघाल्यामुळे पुन्हा काम करायला 26. ज्या कारणासाठी कोटा दिला होता त्यात तर विभाग 200 च्या आतच होता. जास्तीचे 66 तास बाहेरून आले होते.

या फोडीनंतर कारवाईची दिशाच बदलते. मशीन शॉपच्या प्रमुखाला बोलावून 'तास कमी करा' म्हणण्यात अर्थ नव्हता. पुन्हा कराव्या लागलेल्या कामाचे 26 तास दुप्पट दरानं मोजून पुरवठादाराच्या नावे डेबिट नोट काढता येते. ती काढायला पुरावा लागतो आणि तो पुरावा म्हणजे कारण लिहिलेली, सही असलेली स्लिप. मशीन बंद पडल्याचे 40 तास मेन्टेनन्सच्या खात्यावर कारण म्हणून दाखवायचे, आणि तेवढेच राखीवातून मशीन शॉपला द्यायचे. म्हणजे D2 मध्ये 40 आले, उरलेले झाले 306. गरज 312 ची. सहा तासांची तूट राहिली. ती असेंब्लीतले दोन जण त्यांच्या नेहमीच्या पाळीतच मशीन शॉपच्या डीबरिंगला देऊन भागली आणि वर काही तास वाचलेही. महिना संपला तेव्हा मशीन शॉपचे तास झाले 545. मूळ कोटा 512, वाढीव 40, झाले 545: तिन्ही आकडे शेजारी शेजारी, एकही न खोडता.

इथपर्यंत सगळा हिशेब विभागाचा झाला. पण तास विभाग करत नाही, माणूस करतो, आणि माणसावर वेगळी मर्यादा असते. कायद्यात ओव्हरटाइमचे तास तिमाहीवर मोजतात: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून तीन-तीन महिने. 1948 च्या मूळ कायद्यात ही मर्यादा 50 तासांची होती, विशेष सूट असेल तिथे 75. महाराष्ट्रात पुढे ती 115 तासांपर्यंत नेली गेली आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती 144 करायला मंजुरी दिली, कामगाराची लेखी संमती असण्याच्या अटीवर. त्याखेरीज जुन्या कायद्यात ओव्हरटाइम धरूनही आठवड्याला 60 तासांची कमाल होती. आपल्या कारखान्याला आज जो आकडा लागू असेल तो तक्त्यात घालायचा. उदाहरणासाठी मी 115 धरतो.

मशीन शॉपच्या चाळीस माणसांवर 512 तास सारखे वाटले तर महिन्याला तेरा तासही वाट्याला येत नाहीत. कुणाचीच तिमाही धोक्यात नाही. पण काम तसं वाटलं जात नाही. ग्राइंडिंग मशीनवर बसू शकणारे फक्त सहा जण आहेत आणि सगळा माल त्या मशीनवरून जातो. त्यातल्या एका ऑपरेटरचे जुलैत 41 तास झाले, ऑगस्टमध्ये 46, सप्टेंबरच्या दोन आठवड्यांत 24. एकूण 111. विभागाकडे त्या दिवशी 266 तास शिल्लक होते, या माणसाकडे चार. त्याला पाचवा तास थांबवायची परवानगी कायद्यानं कुणालाच नाही, मग तो स्वतः तयार असला तरी.

बहुतेक ठिकाणी विभागाचा तक्ता एका माणसाकडे असतो आणि व्यक्तीचं ओव्हरटाइम रजिस्टर दुसऱ्याकडे, आणि दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिली जात नाहीत. स्लिपवर सही करण्याआधी दोन्ही शिल्लक एकाच ओळीत दिसल्या पाहिजेत: विभागाचे इतके, या टोकन नंबरचे इतके. ज्यांच्या तिमाहीचे पंधराच तास उरले आहेत त्यांची नावं दर सोमवारी सुपरवायझरच्या हातात द्यायची. एवढं केलं की एक गोष्ट आपोआप उघडी पडते: या विभागाला जास्त तास नको आहेत, ग्राइंडिंग शिकलेली आणखी दोन माणसं हवी आहेत. नुसत्या विभागाच्या बेरजेतून हे दिसलं नसतं.

उलट बाजूही आहे आणि तिच्याबद्दल मोकळेपणानं बोललं पाहिजे. कितीतरी घरांत ओव्हरटाइमचे चार-पाच हजार रुपये हे घरभाड्याचे किंवा कर्जाच्या हप्त्याचे पैसे असतात. कोटा आला की कुणाला थांबवायचं याची सत्ता सुपरवायझरकडे येते, आणि महिनोन्‌महिने तीच तीच नावं स्लिपेवर दिसायला लागतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक कामासाठी पात्र असलेल्यांची पाळीनं येणारी यादी, आणि ती सूचनाफलकावर. ज्याचा नंबर आला आणि ज्यानं नाही म्हटलं, त्याच्या नावापुढे तसं लिहायचं. नाही म्हणण्याचा हक्क आणि विचारलं जाण्याचा हक्क, दोन्ही त्याच कागदावर दिसतात.

आता सगळ्यात गंभीर बिघाड. कोटा संपला म्हणून काम संपत नाही. चोवीस तारखेला उरलेले तास शून्य झाले आणि माल तर तीसला जायचाच आहे, तेव्हा काय होतं? तास भूमिगत होतात. पंचिंग करून मग परत मशीनवर जायला सांगितलं जातं. 'या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात टाकतो' असं म्हणून वहीत पेन्सिलनं नोंद होते आणि पुढच्या महिन्यात ती वही सापडत नाही. किंवा तेच काम ठेकेदाराच्या माणसांकडून करून घेतात आणि त्यांचं बिल वेगळ्या खात्यावर पडतं. कागदावर विभाग कोट्यात असतो.

हे ओळखता येतं. शेवटच्या आठवड्याचं उत्पादन आधीच्या आठवड्याएवढंच किंवा जास्त आहे, हजेरी तेवढीच आहे आणि ओव्हरटाइम मात्र शून्य, असं दिसलं की तास लपवलेले आहेत असं समजून शोध घ्यावा. ठेकेदाराच्या बिलात नेमकी त्याच आठवड्यात वाढ असेल तर आणखी एक धागा मिळतो. स्लिपेवरच्या सगळ्या सह्या एकाच पेननं, एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसणं. पंचिंग काहीही असो, प्रत्येक स्लिप बरोबर चार तासांची असणं. एखादा विभाग बारा महिने कोट्याच्या शंभर टक्क्यांवर येऊन थांबणं. या खुणा आहेत. खऱ्या कामाचे आकडे कधी 430 असतात, कधी 545. दर महिन्याला बरोबर 512 येत असतील तर ते तास कामातून आलेले नाहीत.

त्यामुळे कोटा राबवणाऱ्यानं एक नियम पहिल्या दिवशीच लेखी द्यायला हवा: झालेल्या कामाचे पैसे मंजुरी नसली तरी दिले जातील. मंजुरी हा सुपरवायझर आणि विभागप्रमुख यांच्यातला मामला आहे. सुपरवायझरनं परवानगी न घेता माणूस थांबवला तर जाब सुपरवायझरला विचारायचा. थांबलेल्या माणसाच्या पगारातून तो वसूल करायचा नाही. कायदाही काम झालं का एवढंच विचारतो, कोटा शिल्लक होता का हे विचारत नाही. रात्री दोन वाजता मशीन बंद पडलं तर कुणी सहीसाठी थांबणार नाही आणि थांबूही नये. त्यासाठी चोवीस तासांत मागाहून मंजुरी घेण्याची सोय ठेवावी आणि अशा स्लिपा वेगळ्या मोजाव्यात. त्यांचं प्रमाण वाढत गेलं तर पूर्वमंजुरी नावापुरतीच उरली आहे असं समजावं.

लहान चोरी आणखी एका ठिकाणी होते, राउंडिंगमध्ये. अर्ध्या तासाच्या आतला वेळ सोडून द्यायची प्रथा अनेक ठिकाणी आहे. एखादा माणूस रोज पंचवीस मिनिटं जास्त थांबत असेल तर बावीस दिवसांत ते नऊ तासांच्या वर जातं, आणि तक्त्यात त्याचा मागमूसही नसतो. पंधरा मिनिटांच्या टप्प्यानं, जवळच्या आकड्याकडे वर-खाली दोन्ही बाजूंनी मोजलं तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

वापरले न गेलेले तास पुढच्या महिन्यात न्यायचे का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. माझं मत नाही असंच आहे. पुढच्या महिन्याचं शेड्यूल वेगळं, हजेरी वेगळी. हिशेब नव्यानं मांडायचा. शिल्लक पुढे नेली की विभाग तास साठवायला लागतो. पण शिल्लक राहिली म्हणून पुढचा कोटा कापायचाही नाही, नाहीतर महिनाअखेर उरलेले तास जाळून टाकायची घाई सुरू होते.

ऑक्टोबरचा कोटा मांडताना सप्टेंबरच्या फोडीतून तीन गोष्टी हाती येतात. गैरहजेरी प्रत्यक्षात किती होती, म्हणजे दहा टक्क्यांचा अंदाज खरा ठरला का. ग्राइंडिंग मशीनच्या दुरुस्तीसाठी मेन्टेनन्सला एक जादा रविवार लागणार का. आणि ग्राइंडिंगवर शिकवायला घेतलेल्या दोन जणांचे तास, जे नेहमीच्या पाळीतले असल्यामुळे ओव्हरटाइमच्या तक्त्यात येणार नाहीत, पण 8,320 मधून वजा करावे लागतील. एक ऑक्टोबरला त्या ऑपरेटरची तिमाही पुन्हा शून्यावरून सुरू होते. त्याच्या नावापुढे मात्र पहिल्याच आठवड्यासाठी सोळा तासांच्या स्लिपा मागितलेल्या असतात, आणि विभागप्रमुखाला त्यांवर सही करायची की नाही हे ठरवायचं असतं.